‘इजा : नाही’ एवढ्यावर रिपोर्ट संपू नये

रिपोर्ट पाच वाक्यांचा आहे. दुपारी सव्वातीनच्या सुमारास पूर्व बाजूच्या परांचीवरून एक हातोडा, एक पाना व एक छन्नी खाली पडली. कोणालाही इजा नाही. मालमत्तेचे नुकसान नाही. संबंधित कामगारास समज देण्यात आली. काम पूर्ववत सुरू आहे. खाली साइट सुपरवायझरची सही, तारीख आणि वेळ.

बांधकामाच्या साइटवर थोडक्यात टळलेल्या अपघाताच्या अशा रिपोर्टला ‘नियर मिस’ म्हणतात. त्यात खोटं काहीच नाही. सुपरवायझरने तो त्याच दिवशी लिहिला, हेच मुळात चांगलं झालं, कारण बहुतेक वेळा पडलेला हातोडा कुणीतरी उचलून वर नेऊन देतं आणि गोष्ट तिथेच मिटते. माझा आक्षेप सुपरवायझरवर नाही. ज्या फॉर्मवर हा रिपोर्ट लिहिला जातो आणि ज्या ऑफिसात तो वाचला जातो, तिथल्या रीतीवर आहे. तिथे पहिला रकाना असतो ‘इजा’चा. त्यात ‘नाही’ लिहिलं की पुढचं सगळं आपोआप हलकं होतं. चौकशी हलकी होते, उपाय हलका होतो आणि शेवटी कागद फाइलला लागतो. माझं म्हणणं असं आहे की अशा घटनेचं वजन कोणाला किती लागलं यावर ठरवू नये. ते पडलेल्या वस्तूत किती ऊर्जा होती आणि खाली माणूस असण्याची शक्यता किती होती, यावर ठरवावं. आणि चौकशीला ‘समज दिली’ या दोन शब्दांपाशी थांबू देऊ नये.

हे का, ते याच घटनेतून सांगतो, कारण या पाच वाक्यांमागे नेमकं काय घडलं होतं ते नंतर तपशिलात कळलं.

परांचीची एकेक लिफ्ट, म्हणजे एकावर एक उभारलेला एकेक थर, दोन मीटरची होती. काम आठव्या लिफ्टवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १६ मीटरवर चाललेलं होतं. तिथे प्लास्टरची टीम भिंतीचा पोकळ झालेला भाग छन्नीने फोडून काढत होती. फळ्यांच्या बाहेरच्या कडेला, पावलाशी, जी उभी पट्टी लावलेली असते तिला साइटवर टो-बोर्ड म्हणतात. हत्यार, विटेचा तुकडा, मालाचा गोळा लाथेने किंवा झाडूने ढकलला जाऊन कडेवरून खाली जाऊ नये, यासाठी ती असते. त्या दिवशी एका भागातला टो-बोर्ड काढून ठेवलेला होता. खालून प्लास्टरच्या मसाल्याचा पाइप वर घ्यायचा होता आणि तो टो-बोर्डच्या आतून वळत नव्हता. पाइप वर आला, टो-बोर्ड मात्र परत लागला नाही. कडेपासून वीतभर आत एक उघडं घमेलं होतं आणि त्यात हत्यारं होती. कामगाराने पाइप पुढे ओढला, पाइपचा वाक घमेल्याच्या काठाला लागला आणि घमेलं कलंडलं.

आता रिपोर्टातला एक शब्द पुन्हा वाचा. हातोडा आणि छन्नी तर प्लास्टर फोडणाऱ्यांकडे असणारच. पण पाना कशाला? प्लास्टरच्या कामात पान्याला काही काम नाही. परांचीचे पाइप एकमेकांना जोडणारे कप्लर आवळायला आणि सोडवायला जो पाना लागतो, तोच हा पाना होता. म्हणजे टो-बोर्ड परांची बांधणाऱ्या टीमने काढला नव्हता. तो प्लास्टरवाल्यांनी स्वतः, उसन्या आणलेल्या पान्याने सोडवला होता. परांची बांधणारी माणसं त्या दिवशी साइटच्या दुसऱ्या टोकाला होती. त्यांना बोलावलं असतं तर अर्धा दिवस काम थांबलं असतं. पाना एकदा हाताशी आला की तो घमेल्यातच राहतो, कारण उद्याही लागणार असतो.

हे समजलं की घटनेचा चेहराच बदलतो. प्रश्न एका माणसाच्या निष्काळजीपणाचा राहत नाही. ज्यांनी परांचीला हात लावायचा नाही ते लोक परांचीत बदल करत आहेत, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही किंवा येऊनही कोणी बोलत नाही, असा तो प्रश्न होतो. परांचीच्या शिडीपाशी तपासणीचा हिरवा टॅग लटकत होता. टॅग खोटा नव्हता, फक्त शिळा होता. तपासणी झाली त्या वेळी परांची ठीक होती, एवढंच टॅग सांगतो. ब्रिटनमध्ये सात दिवसांतून किमान एकदा परांची तपासावी लागते, आणि त्याशिवाय तिच्यात बदल झाला की पुन्हा तपासावी लागते. हा दुसरा भागच सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि साइटवर नेमका तोच हरवतो. आज जो टो-बोर्ड काढतो तो उद्या परांची ताठ ठेवणारा आडवा ब्रेस काढेल, आणि परवा भिंतीला परांची धरून ठेवणारा टाय सैल करेल, कारण तोही कामाच्या आड येतो. टाय निघाले की प्रश्न हातोड्याचा राहत नाही, अख्खी परांची भिंतीपासून सुटण्याचा होतो. त्या घमेल्यातला पाना हे सगळं आधीच सांगत होता. रिपोर्टात तो शब्द आलाही होता, पण ‘इजा : नाही’ वाचून झाल्यावर त्याच्याकडे कोणी थांबून पाहिलं नाही.

आता ऊर्जेकडे येऊ. हे गणित शाळेतलं आहे, तरी रिपोर्टात ते कधीच दिसत नाही. १६ मीटरवरून सुटलेली वस्तू १.८ सेकंदांत जमिनीवर येते आणि त्या वेळी तिचा वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटर असतो. वस्तुमान, उंची आणि गुरुत्वाकर्षणाचा ९.८ हा आकडा यांचा गुणाकार केला की ऊर्जा ज्यूलमध्ये मिळते. हातोडा दांड्यासकट दीड किलोचा होता, म्हणजे सुमारे २३५ ज्यूल. पाना ६०० ग्रॅमचा, म्हणजे ९४ ज्यूल. छन्नी ३०० ग्रॅमची, म्हणजे ४७ ज्यूल.

हे आकडे कशाशी ताडून पाहायचे? हेल्मेटशी. औद्योगिक हेल्मेटसाठी युरोपात ईएन ३९७ हे मानक आहे. त्यातल्या धक्क्याच्या चाचणीत ५ किलोचं, गोल तोंडाचं वजन १ मीटरवरून हेल्मेटवर सोडतात. ती ऊर्जा होते ४९ ज्यूल, आणि तेवढ्या धक्क्यात डोक्यापर्यंत पोचणारं बल ५ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. टोकदार वस्तू हेल्मेट भेदून जाते का हे पाहण्यासाठी वेगळी चाचणी असते, त्यात ३ किलोचं टोकदार वजन १ मीटरवरून पडतं, म्हणजे जेमतेम २९ ज्यूल. त्या दिवशी पडलेला हातोडा हेल्मेटच्या धक्का-चाचणीच्या जवळजवळ पाचपट होता आणि पाना जवळजवळ दुप्पट. तिन्हींत सगळ्यात हलकी छन्नी, तीसुद्धा टोकावर पडली असती तर भेदनाच्या चाचणीच्या दीडपटीहून पुढे गेली असती. ती खरोखर टोकावरच पडली होती. परांचीच्या पायाशी, मातीत रुतलेली सापडली.

म्हणूनच ‘खालच्यांनी हेल्मेट घातलेली होती’ हे वाक्य रिपोर्टात समाधानाने लिहिलेलं पाहिलं की मला अस्वस्थ वाटतं. हेल्मेट घालायलाच हवं, त्यात वाद नाही. पण ते खिळ्यासाठी, लहानशा खड्यासाठी, खाली वाकून उठताना पाइपवर डोकं आपटतं त्यासाठी आहे. १६ मीटरवरून येणाऱ्या हातोड्यासाठी ते बनवलेलंच नाही. त्या हातोड्यापासून वाचायचं तर तो वरून सुटताच कामा नये, आणि सुटलाच तर खाली माणूस असता कामा नये.

खाली माणूस नसावा म्हणून साइटवर पिवळी-काळी पट्टी बांधतात. इथेही ती होती, परांचीपासून दोन मीटरवर. छन्नी आणि पाना पट्टीच्या आत पडले. हातोडा मात्र पट्टीच्या बाहेर, परांचीपासून साडेचार मीटरवर सापडला, बरोबर त्या वाटेवर जिथून माणसं हातगाडीने माल नेतात. हातगाडी घेऊन दोघं जण नुकतेच तिथून पुढे गेले होते.

दोन मीटरची पट्टी बांधणाऱ्याने मनात धरलेलं असतं की वस्तू सरळ खाली येते. मोकळ्या हवेत ती येतेही. पण परांची म्हणजे आडव्या-उभ्या पाइपांचं जंगल असतं. हातोडा तिसऱ्या लिफ्टच्या आडव्या पाइपवर, जमिनीपासून सहा मीटरवर आपटला होता. त्या पाइपवर ताजी चमकदार खूण होती, आजूबाजूला जुना गंज आणि मध्ये उघडं पोलाद. तिथे आपटून हातोड्याचा खाली येण्याचा वेग पूर्ण मारला गेला आणि तो सेकंदाला पाच मीटर वेगाने बाजूला उडाला असं धरलं, तर उरलेले सहा मीटर खाली यायला त्याला १.१ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो साडेपाच मीटर बाहेर जातो. साडेचार मीटरवर हातोडा सापडणं हा योगायोग नव्हता. पट्टी कुठे बांधायची याचा हिशेबच चुकलेला होता.

अशी टक्कर किती घातक ठरते याचं एक उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटी इथे एका उंच इमारतीच्या साधारण पन्नासाव्या मजल्यावरून एका कामगाराची मोजपट्टी पडली. वजन सुमारे एक पौंड, म्हणजे अर्धा किलोही नाही. खाली येता येता ती जमिनीजवळच्या एका धातूच्या सामानावर आपटली, दिशा बदलली आणि साइटवर माल घेऊन आलेल्या एका माणसाच्या डोक्यात बसली. तो माणूस दगावला. मोजपट्टीला हत्यार म्हणायलाही आपण तयार नसतो. तीच पट्टी हातभर बाजूला उडाली असती तर जर्सी सिटीतही बहुधा पाच वाक्यांचा एक रिपोर्ट लिहिला गेला असता, आणि त्यात लिहिलं असतं, इजा नाही.

इजा होणं आणि न होणं यांत जो फरक असतो, तो बऱ्याचदा असा हातभराचा किंवा दोन सेकंदांचा असतो. तो फरक साइटच्या व्यवस्थेने कमावलेला नसतो. मग त्या फरकावरून घटनेची प्रत ठरवायची कशासाठी?

आता चांगला रिपोर्ट कसा असावा, यावर. मला लांबलचक फॉर्म नको आहे. सुपरवायझरच्या डोक्यावर आधीच भरपूर कागद असतात आणि पन्नास रकान्यांचा फॉर्म दिला की तो घटना कळवणंच टाळेल. पण काही गोष्टी अशा आहेत की त्या पहिल्या दहा मिनिटांत नोंदल्या नाहीत तर कायमच्या जातात. हत्यारं उचलण्याआधी ती जिथे पडली आहेत तिथे त्यांचा फोटो हवा आणि परांचीपासूनचं अंतर मोजलेलं हवं. वर पाहून कुठल्या पाइपवर, फळीवर किंवा जाळीवर ताजी खूण आहे का, हे पाहायला हवं. वर जाऊन ती जागा जशी आहे तशी टिपायला हवी: घमेलं कुठे होतं, टो-बोर्ड कुठे होता, तो काढलेला असेल तर कशाने आणि कोणाच्या सांगण्यावरून. खाली त्या वेळी कोण होतं, आणि कोण नुकतंच गेलं किंवा येणार होतं. वस्तूचं वजन आणि उंची लिहिली की ऊर्जा ऑफिसातला माणूस काढेल. एवढं असलं तर बाकी कथा आपोआप उलगडते. हातोडा उचलून वर पाठवल्यावर लिहिलेल्या रिपोर्टात यातलं काहीच उरत नाही, आणि मग लिहायला फक्त ‘समज दिली’ एवढंच शिल्लक राहतं.

उपायांच्या बाबतीतही हाच घोटाळा होतो. घटनेनंतर सहसा टूलबॉक्स टॉक, म्हणजे साइटवरच सुरक्षेबद्दलची छोटी बैठक होते, ‘हत्यारं जपून ठेवा’ असं सांगितलं जातं आणि हजेरीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या जातात. सांगणं वाईट नाही, पण पाइप ओढणाऱ्या माणसाचे दोन्ही हात पाइपवर असतात आणि पाठ घमेल्याकडे असते. त्याने किती जपायचं? तिथे टो-बोर्डच हवा. युरोपीय मानकांप्रमाणे टो-बोर्ड फळीच्या वर १५ सेंटिमीटर असावा लागतो, अमेरिकी नियमांत किमान साडेतीन इंच, म्हणजे सुमारे नऊ सेंटिमीटर. एवढ्या उंचीच्या पट्टीला कलंडलेल्या घमेल्यातली हत्यारं अडली असती. पण त्याच घमेल्यात हत्यारांची रास पट्टीच्या वर गेली असती, तर नुसता टो-बोर्डही पुरला नसता. तिथे टो-बोर्डपासून कठड्यापर्यंत जाळीचा पॅनल लावावा लागतो. परांचीच्या बाहेरून जी हिरवी किंवा निळी जाळी गुंडाळतात तिच्यावरही फार भरवसा ठेवू नये. ती धूळ आणि बारीक कचरा अडवायला असते. दीड किलोचा हातोडा ती फाडून जातो, किंवा जिथे दोन जाळ्या एकमेकींना बांधल्या आहेत त्या फटीतून निघतो.

हत्यार दोरीने बांधून ठेवणं हा सगळ्यात थेट उपाय आहे, आणि तोच सगळ्यात कच्चा केला जातो. मनगटाला किंवा पट्ट्याला सुतळी, आणि सुतळीचं दुसरं टोक हातोड्याच्या दांड्याला. दीड किलोचा हातोडा सव्वा मीटर पडून दोरीने दहा सेंटिमीटरच्या ताणात थांबवला, तर त्या क्षणी दोरीवर सरासरी वीस किलोच्या वजनाएवढा हिसका बसतो, आणि क्षणभराचा जास्तीत जास्त हिसका त्याहूनही मोठा असतो. गाठ गुळगुळीत दांड्यावरून सरकते किंवा सुतळी तुटते. म्हणून हत्यार बांधायच्या दोऱ्या, हत्यारावर बसवायच्या कड्या आणि बंद तोंडाच्या पिशव्या यांसाठी अमेरिकेत २०१८ साली वेगळं मानक आलं. त्यात चाचणी घेतलेली दोरी, चाचणी घेतलेली कडी आणि तिच्यावर छापलेली वजनाची मर्यादा अपेक्षित आहे. जड हत्यार तर माणसाला बांधूच नये, ते परांचीला बांधावं, नाहीतर हत्यार वाचवताना माणूस तोल जाऊन ओढला जाईल. याला मर्यादा आहेतच. अरुंद परांचीवर दोऱ्या अडकतात, दोन हत्यारं बदलून वापरायची असली की गुंता होतो, आणि वैतागून कामगार दोरी सोडतो. म्हणून मी आधी बंद पिशवी आणि जागेवरचा टो-बोर्ड मागतो, मग दोरी. पण या सगळ्याला पैसे लागतात, आणि समज द्यायला काही लागत नाही. समज देणं इतकं लोकप्रिय का आहे, याचं उत्तर मला यातच दिसतं.

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो साइटवर अनुभवी माणसंच घेतात. ते म्हणतात, समज दिली नाही, दंड केला नाही, तर शिस्त राहणार कशी? कामगाराला वाटेल की हत्यार पडलं तरी चालतं.

मी या आक्षेपाला झटकून टाकत नाही. ज्याने रागाने किंवा मस्करीत विटेचा तुकडा खाली फेकला, त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण चुकून पडलेल्या हत्याराला दंड लावला की शिस्त वाढत नाही, रिपोर्ट बंद होतात. आणि रिपोर्ट बंद झाले की पाना कोणाच्या घमेल्यात आहे हे आपल्याला कधीच कळत नाही.

विमान वाहतुकीने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरताना एका डोंगरावर आदळलं आणि त्यातली सर्व ९२ माणसं दगावली. विमान उतरवण्याच्या सूचनेचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला होता आणि नियंत्रकांच्या मनात दुसराच होता. चौकशीत समोर आलं की काही आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान त्याच ठिकाणी, तशाच गैरसमजामुळे, थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी ते कळवलंही होतं, पण आपल्या कंपनीला. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांपर्यंत ते पोचलं नाही. त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत नियर मिस कळवण्याची राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. ती चालवायला परवाने देणाऱ्या आणि दंड करणाऱ्या खात्याऐवजी नासाला दिली, कारण दंड करणाऱ्याच्याच हातात कोणी आपली चूक लिहून देत नाही. कळवणाऱ्याचं नाव काढून टाकलं जातं. चूक हेतुपुरस्सर नसेल, गुन्हा नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळवलेली असेल, तर नियमभंगाबद्दलच्या दंडापासून संरक्षण मिळू शकतं.

ही व्यवस्था जशीच्या तशी बांधकामावर आणता येणार नाही, हे मला मान्य आहे. आठव्या लिफ्टवर चार माणसं होती आणि नाव लपवलं तरी कोण ते साइटवर सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून इथे संरक्षण नाव लपवण्यातून मिळणार नाही, ते करारातून द्यावं लागेल. आज बऱ्याच ठिकाणी मुख्य ठेकेदार पोटठेकेदाराला प्रत्येक सुरक्षाभंगामागे दंड लावतो आणि पोटठेकेदार तो मजुरीतून कापतो. वर ‘इतके तास बिनअपघाती’ असा फलक असतो आणि त्या आकड्याला बोनस जोडलेला असतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की शहाणा सुपरवायझर काय करेल? तो हातोडा उचलून वर पाठवेल. बोनस ठेवायचाच तर तो इजेच्या आकड्याला न जोडता, कळवलेल्या धोक्यांपैकी किती प्रत्यक्षात दुरुस्त झाले याला जोडावा. आणि दंडाच्या कलमात एवढं लिहावं की स्वतःहून, त्याच दिवशी कळवलेल्या आणि हेतुपुरस्सर नसलेल्या घटनेसाठी कोणाचीही मजुरी कापली जाणार नाही, पोटठेकेदारालाही दंड होणार नाही.

याच्या उलटी एक चूकही होते. काही कंपन्या उत्साहाने दर महिन्याला अमुक इतके नियर मिस आलेच पाहिजेत असा कोटा ठरवतात. मग महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत रिपोर्टांचा पाऊस पडतो: ‘वाटेत केबल दिसली, बाजूला केली’, ‘एकाचा हेल्मेटचा पट्टा सैल होता, सांगितला’. त्या ढिगात आठव्या लिफ्टवरच्या पान्याचा रिपोर्ट त्याच जाडीचा, त्याच रंगाचा दिसतो. म्हणून संख्येवर भर देऊ नये. ऊर्जा आणि खालची ये-जा या दोन गोष्टींवर रिपोर्ट दोन ढिगांत वाटावेत. ज्या वस्तूची ऊर्जा हेल्मेटच्या ४९ ज्यूलच्या वर आहे आणि जी माणसं जातात-येतात तिथे पडली, ती घटना, कोणाला लागलं असो वा नसो, गंभीर अपघातासारखी तपासावी. टोकदार किंवा धारदार वस्तूला ही ४९ ची सीमाही लावू नये. बाकीचे रिपोर्ट महिन्यातून एकदा एकत्र वाचले तरी चालतील. हे वर्गीकरण करायला तज्ज्ञ लागत नाही, वजनकाटा आणि टेप पुरतो.

कायद्याने यात किती पडावं, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये इजा झाली नाही तरी काही धोकादायक घटना सरकारला कळवणं बंधनकारक आहे, आणि पाच मीटरहून उंच परांचीचा मोठा भाग कोसळला तर ती त्या यादीत येते. परांचीवरून सुटलेला हातोडा त्या वर्णनात बसत नाही. प्रत्येक हातोडा सरकारला कळवावा असं मी म्हणणार नाही. कुठलंही सरकारी कार्यालय तो ढीग वाचणार नाही आणि न वाचलेला ढीग निष्काळजीपणाला अधिकृत शिक्का देतो. पण परांची जिथे सार्वजनिक रस्त्याच्या किंवा पदपथाच्या कडेला आहे, तिथे गोष्ट वेगळी होते. साइटवरच्या माणसाला निदान धोका माहीत असतो, डोक्यावर काहीतरी असतं, पट्टीचा अर्थ कळतो. रस्त्याने जाणाऱ्या माणसाने यातलं काहीही मान्य केलेलं नाही आणि तो उघड्या डोक्याने चाललेला असतो. परांचीच्या हद्दीबाहेर, सार्वजनिक जागेत पडलेली प्रत्येक वस्तू, मग ती इवलीशी का असेना, तपासणी खात्याला कळवणं सक्तीचं असावं. आणि खात्याने नावं वगळून ती माहिती त्या भागातल्या इतर साइटना द्यावी. डलेसच्या बाबतीत कमी पडलं होतं ते हेच. एका साइटवर पाइप वळत नाही म्हणून टो-बोर्ड निघाला, तर तसल्याच पाइपने शेजारच्या साइटवरही तो निघणार आहे.

पूर्व बाजूच्या त्या परांचीच्या बाबतीत करायचं काम अगदी ठरावीक आहे. आज टो-बोर्ड लावायचा. मसाल्याचा पाइप जिथून येतो तिथे परांची बांधणाऱ्या टीमकडून कायमची वळणाची जागा करून घ्यायची, म्हणजे उद्या कोणाला पाना मागावा लागणार नाही. खालची पट्टी दोन मीटरवरून सहा मीटरवर न्यायची, आणि ते शक्य नसेल तर मालाची वाट दुसऱ्या बाजूने काढायची किंवा वाटेवर मजबूत छत घालायचं. सगळे पाने परांचीच्या टीमकडे जमा करायचे, आणि परांचीत बदल हवा असेल तर दोन तासांत माणूस मिळेल असा एक जण नेमून त्याचा फोन नंबर प्रत्येक लिफ्टवर लिहायचा. दोन तासांचं हे आश्वासन पाळलं गेलं नाही तर पाने पुन्हा घमेल्यांत दिसू लागतील. म्हणून आठवड्याने रिपोर्ट लिहिणाऱ्या सुपरवायझरनेच वर जाऊन पाहायचं, आणि टो-बोर्ड जागेवर नसेल तर त्या लिफ्टवरचं काम थांबवायचा अधिकार त्याला लेखी द्यायचा. काम थांबल्याने जे तास जातील त्यांचा भुर्दंड त्याच्या किंवा प्लास्टरच्या टीमच्या माथी मारायचा नाही, तो मुख्य ठेकेदाराने सोसायचा.